गेन दहाचा सात का येतो? ऑप-ॲम्पचा गेन मोजायला बसण्याआधी वाचा

शेजारची पोरगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिचा परवा संध्याकाळी फोन आला. "दादा, इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायर लावलाय, फीडबॅकला १०० के, इनपुटला १० के, म्हणजे गेन १० यायला पाहिजे ना, पण ७.१ येतोय. रेझिस्टर तीनदा बदलले." मी विचारलं, इनपुट किती व्होल्टचं देतेयस, फ्रिक्वेन्सी किती, आणि वेव्ह दिसते कशी? तर म्हणे ते नाही बघितलं, स्कोपवर पीक-टू-पीकचा आकडा येतो तो लिहिला.

इथेच सगळं आहे बघा. रेझिस्टरच्या गुणोत्तरावरून जो गेन निघतो तो काही अटींवर निघतो, आणि त्यातली एक जरी अट मोडली तरी आकडा कमी येतो, पण कुठली मोडली ते आकडा सांगत नाही. एकाच बोर्डवर, तेच दोन रेझिस्टर ठेवून, तीन वेगवेगळ्या कारणांनी मी तुम्हाला गेन ७.१ च्या आसपास आणून दाखवतो, आणि मग तिन्ही एकमेकांपासून वेगळे कसे ओळखायचे तेही सांगतो. एका संध्याकाळचं काम आहे.

सामान

ऑप-ॲम्पची चिप साधी ७४१ घ्या. जुनी आहे, १९६८ ची, आता नवीन डिझाइनमध्ये सहसा कोणी टाकत नाही, पण शिकायला हीच बरी, कारण हिच्या मर्यादा इतक्या जवळ आहेत की साध्या स्कोपवर आणि साध्या जनरेटरवर लगेच दिसतात. एकदम भारी चिप घेतली तर सगळं बरोबरच येतं आणि शिकायला काही उरत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळते. दोन-तीन घ्या, एखादी उलटी लागून जातेच.

रेझिस्टर १० के आणि १०० के, चार-चार. पाच टक्केवाले म्हणजे सोनेरी पट्टीवाले घेतले तरी चालतील, उलट तेच घ्या, का ते पुढे कळेल. दोन सिरॅमिक कपॅसिटर, ज्यावर १०४ लिहिलेलं असतं ते. ब्रेडबोर्ड, मल्टिमीटर, दोन चॅनलचा स्कोप, फंक्शन जनरेटर, आणि प्लस-मायनस १२ व्होल्टचा सप्लाय. ड्युअल सप्लाय नसेल तर दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये लावा, मधला जोड म्हणजे तुमचा ग्राउंड. मग खालचे सॅच्युरेशनचे, म्हणजे आउटपुट जिथे जाऊन अडकतं ते आकडे तुमच्याकडे लहान येतील, बाकी गोष्ट तीच.

आधी रेझिस्टर मोजा, बोर्डवर लावायच्या आधी

हे बहुतेक जण टाळतात. रंग वाचतात, वहीत १० लिहितात आणि पुढे जातात. पाच टक्क्यांचे दोन रेझिस्टर असले आणि एक वरच्या टोकाला, दुसरा खालच्या टोकाला निघाला तर गुणोत्तर ९.०५ पासून ११.०५ पर्यंत कुठेही जाऊ शकतं. मग गेन १०.४ आला तर ती चिपची चूक नाही आणि तुमचीही नाही, तुम्ही चुकीच्या आकड्याशी तुलना करताय एवढंच.

रेझिस्टर सुटा हातात घेऊन मोजा, सर्किटमध्ये लावलेला असताना नाही, कारण तिथे मीटरचा करंट दुसऱ्या वाटांनीही जातो आणि आकडा खोटा येतो. दोन्ही हातांच्या बोटांनी दोन्ही टोकं दाबून धरू नका, १०० के च्या रेझिस्टरला तुमच्या अंगाचा रेझिस्टन्स पॅरलल लागतो, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टात हात ओलसर असतात तेव्हा तर फरक उघड दिसतो. एक टोक धरलं तर चालतं.

माझ्या टेबलवर जे निघाले ते धरून चालू: इनपुटचा ९.८७ के, फीडबॅकचा १०१.६ के. आता वहीत हे लिहा:

```
Av = -Rf/Rin = -101.6/9.87 = -10.29
```

म्हणजे अंदाज १० नाही, १०.२९. मायनस म्हणजे वेव्ह उलटी होणार. आणि याच्याच खाली अजून एक आकडा लिहून ठेवा, एक अधिक गुणोत्तर, म्हणजे ११.२९. चिप नॉन-इन्व्हर्टिंग लावली असती तर हाच तिचा गेन झाला असता. इन्व्हर्टिंगमध्ये तो कशाला लागतो? बँडविड्थ काढायला लागतो. खाली येईलच.

स्वस्त मीटरची स्वतःची चूकही एक टक्क्याच्या जवळपास असते, म्हणून १०.२९ मधल्या शेवटच्या ९ वर फार जीव लावू नका. १०.१ ते १०.४ मध्ये काहीही आलं की अंदाज बरोबर, असं समजा.

जोडणी

७४१ च्या आठ पायांच्या पॅकेजमध्ये खाच किंवा ठिपका डावीकडे वर धरला की डाव्या बाजूने खाली जाताना १ ते ४ आणि उजवीकडून वर येताना ५ ते ८. पाय २ इन्व्हर्टिंग इनपुट, ३ नॉन-इन्व्हर्टिंग, ४ मायनस सप्लाय, ६ आउटपुट, ७ प्लस सप्लाय. १ आणि ५ मोकळे सोडा, ८ कशालाच जोडलेला नसतो.

पाय ३ ग्राउंडला. जनरेटरपासून १० के पाय २ ला. पाय २ पासून पाय ६ ला १०० के. पाय ७ आणि ४ जवळून प्रत्येकी एक १०४ चा कपॅसिटर ग्राउंडला, वायर लांब न ठेवता. आणि सप्लायचा ग्राउंड, जनरेटरचा ग्राउंड, स्कोपचा ग्राउंड, तिन्ही एकाच पट्टीवर. ड्युअल सप्लायचा मधला कॉमन जोडायचा राहिला की आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटतं आणि पोरं चिप बदलत बसतात.

आधी सप्लाय चालू करा, मग सिग्नल द्या. बंद करताना उलटं.

पहिलं मोजमाप डीसीवर, साध्या मीटरनं

स्कोप लावायच्या आधी हे करून घ्या, पाच मिनिटं लागतात आणि रेझिस्टरचं गणित कायमचं बाजूला होतं. इनपुटला जनरेटरऐवजी एका पॉटवरून डीसी द्या, प्लस अर्धा व्होल्ट, आणि मग मायनस अर्धा व्होल्ट. इनपुटचं व्होल्टेज सर्किटला जोडलेल्या अवस्थेत मोजायचं, कारण जोडल्यावर १० के चा भार पडून पॉटचं व्होल्टेज खाली बसतं.

माझ्याकडे प्लस ०.५०० ला आउटपुट मायनस ५.१३१ आलं आणि मायनस ०.५०० ला प्लस ५.१६३. आता पहिल्या जोडीवरून गेन काढलात तर १०.२६, दुसरीवरून १०.३३. दोन्ही चूक. आउटपुटमधला फरक १०.२९४ व्होल्ट, इनपुटमधला फरक १ व्होल्ट, म्हणून गेन १०.२९. अंदाजाला चिकटून.

पण दोन्ही आउटपुटचा मध्य शून्यावर नाही, प्लस १६ मिलिव्होल्टवर आहे, ते कुठून आले? इनपुट शून्य असतानाही आउटपुट शून्य नसतं, कारण चिपच्या दोन इनपुटमध्ये एखाद-दुसरा मिलिव्होल्ट ऑफसेट असतो आणि तो ११.२९ पटीनं वाढून बाहेर येतो, शिवाय इनपुटचा जो बारीकसा करंट आहे तोही १०० के मधून जाताना थोडी भर घालतो. म्हणून डीसीवर गेन कधीही एका रीडिंगवरून काढायचा नाही, दोन रीडिंग घेऊन फरकाला फरकानं भागायचं. लोडसेलच्या वजनकाट्यावर काम करणाऱ्यांना हे सांगायला लागत नाही, रिकाम्या काट्याचं रीडिंग आधी वजा करायची त्यांना सवयच असते.

आता स्कोप, आणि जनरेटरच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवायचा नाही

चॅनल १ इनपुटवर, म्हणजे १० के च्या जनरेटरकडच्या टोकाला. चॅनल २ पाय ६ वर. दोन्ही प्रोब दहाच्या सेटिंगवर, आणि स्कोपच्या मेनूमध्येही दहाच. एक जरी विसरलं तर गेन १०० नाहीतर १ दिसतो, ते निदान लगेच लक्षात तरी येतं.

लक्षात न येणारी गोष्ट जनरेटरची. बऱ्याच जनरेटरचा डिस्प्ले ५० ओहमचा लोड आहे असं धरून आकडा दाखवतो. आपला लोड १० के, म्हणजे प्रत्यक्षात टर्मिनलवर जवळजवळ दुप्पट व्होल्टेज येतं. डिस्प्लेवरचा १ व्होल्ट वहीत इनपुट म्हणून लिहिला की गेन २० निघतो, आणि मग शंका रेझिस्टरवर. जनरेटरच्या मेनूत लोडची सेटिंग असते ती हाय-झेड करा, किंवा सोपं म्हणजे डिस्प्लेकडे बघूच नका, इनपुट नेहमी चॅनल १ वरून घ्या.

आणि अजून एक, फुकटचं. सुरुवातीला दोन्ही प्रोब एकाच जागी, इनपुटवरच लावा आणि दोन्ही चॅनल एकच आकडा दाखवतात का बघा. साध्या डिजिटल स्कोपची उभी अचूकता तीन टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे एक चॅनल १.०० आणि दुसरा ०.९८ दाखवणं काही विशेष नाही. माझा दुसरा चॅनल एक टक्का कमी दाखवतो, म्हणून माझ्या स्कोपवर हाच बोर्ड १०.२ दाखवतो. हे माहीत असलं की १०.२ आणि १०.२९ मधल्या फरकाचं कारण शोधत बसावं लागत नाही.

सुरुवात १ किलोहर्ट्झ साइन, १०० मिलिव्होल्ट पीक-टू-पीक. आउटपुट १.०२ व्होल्ट, उलटं. गेन १०.२. हे तुमचं मूळ रीडिंग. इथून पुढे काहीही बिघडलं तर परत इथे यायचं, आणि इथेच १० च्या आसपास येत नसेल तर जोडणी चुकलीय, पुढे जाऊ नका.

पहिला सात: आउटपुट छताला लागलं

फ्रिक्वेन्सी १ किलोहर्ट्झच ठेवा आणि इनपुट हळूहळू वाढवा. आउटपुटची वेव्ह वाढते, वाढते, आणि मग एका जागी खालचं टोक सपाट होतं, थोड्या वेळाने वरचंही. माझ्या चिपवर १२ व्होल्टच्या सप्लायला वर ११.१ आणि खाली मायनस १०.३. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, लोड जड असेल तर अजून आत येतील. ७४१ चं आउटपुट सप्लायच्या टोकापर्यंत पोचत नाही, आतल्या ट्रान्झिस्टरना काम करायला एखाद-दीड व्होल्ट लागतो, आणि वरचा-खालचा अगदी सारखा असतो असंही नाही.

आता इनपुट ३ व्होल्ट पीक-टू-पीक करा. आउटपुट ३१ यायला पाहिजे होतं, पण येतं ११.१ अधिक १०.३, म्हणजे २१.४. भागिले ३, गेन ७.१. पोरीचा आकडा! स्कोपचं ऑटो मेजरमेंट बिचारं प्रामाणिकपणे पीक-टू-पीक सांगतं, वेव्हची टोकं कापली गेलीत हे सांगणं त्याचं काम नाही.

इथे एक बघण्यासारखी गोष्ट आहे, ती आवर्जून करा. चॅनल १ चा प्रोब काढून पाय २ वर लावा. पुस्तकात व्हर्च्युअल ग्राउंड म्हणतात तो हा. इनपुट लहान असताना इथे जवळपास सरळ रेघ दिसते, कारण आउटपुट सतत एवढं हलत असतं की पाय २ शून्यावर राहावा. आउटपुट छताला लागलं की ते अजून हलू शकत नाही, आणि त्याच क्षणी पाय २ वर टेकाडं उठायला लागतात. इनपुट प्लस १.५ व्होल्टच्या टोकाला असताना आउटपुट मायनस १०.३ वर अडकलेलं, मग पाय २ वर साध्या डिव्हायडरच्या हिशोबाने किती येणार:

```
V2 = (1.5*101.6 - 10.3*9.87) / (101.6 + 9.87) = 0.455 V
```

स्कोपवर अर्ध्या व्होल्टच्या जरा आतलं टेकाड दिसतंच. म्हणजे ज्या वेळी आउटपुट सपाट आहे त्या वेळी ॲम्प्लिफायर असा काही उरलेलाच नाही, दोन रेझिस्टर आणि एका बाजूला अडकलेलं व्होल्टेज एवढंच आहे. गेनचं सूत्र पाय २ शून्यावर आहे हे धरून काढलेलं असतं, ते धरणं मोडलं की सूत्रही गेलं. कुठल्याही अनोळखी बोर्डवर शंका आली की दोन इनपुट पायांमधलं व्होल्टेज बघायची सवय यासाठीच. फीडबॅक असलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये तिथे शेकड्याने मिलिव्होल्ट दिसले तर आउटपुट मागे पडलंय, मग ते सॅच्युरेशननं असो नाहीतर पुढच्या दोन कारणांनी.

दुसरा सात: चिपचा वेग संपला

इनपुट परत १०० मिलिव्होल्टवर आणा, लहानच ठेवा, हे महत्त्वाचं आहे, आणि आता फ्रिक्वेन्सी वाढवा. १० किलोहर्ट्झला माझा गेन १०.१, २० ला ९.९, ४० ला ९.२, ८४ ला ७.२, १६८ ला ४.६. प्रत्येक वेळी इनपुटही मोजायचं, जनरेटर स्वतः वरच्या फ्रिक्वेन्सीला थोडा पडत असेल तर त्याचा दोष चिपवर येतो.

हे कसं होतं? ७४१ चा फीडबॅकशिवायचा गेन डीसीला दोन लाखांच्या घरात असतो, पण तो अगदी ५-१० हर्ट्झपासूनच उतरायला लागतो, मुद्दाम तसा बनवलेला असतो, चिपच्या आतच एक ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर बसवलाय, नाहीतर फीडबॅक लावल्यावर ती ऑसिलेट झाली असती. फ्रिक्वेन्सी दहापट केली की हा गेन दहा भागांत एक भाग. साधारण १ मेगाहर्ट्झला तो १ उरतो. म्हणून फ्रिक्वेन्सी गुणिले गेन हा आकडा ७४१ साठी १ मेगाहर्ट्झच्या आसपास, त्याला गेन-बँडविड्थ म्हणतात.

आता इथे तो ११.२९ कामाला येतो. बँडविड्थ काढताना १०.२९ नी भागायचं नाही, ११.२९ नी भागायचं, कारण फीडबॅकच्या दृष्टीनं आउटपुटचा किती हिस्सा पाय २ वर परत येतो तेवढंच महत्त्वाचं, आणि तो हिस्सा ११.२९ मधला एक आहे, सिग्नल कुठल्या पायाला दिलाय त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

```
BW = GBW / (1 + Rf/Rin) = 1000 kHz / 11.29 = 88.6 kHz
```

गेन मूळच्या ०.७०७ पट उरतो ती फ्रिक्वेन्सी म्हणजे बँडविड्थ. अंदाज ८८.६, माझ्याकडे ०.७०७ पट म्हणजे ७.२ चा गेन आला ८४ ला. उलटं काढलं तर माझ्या चिपची गेन-बँडविड्थ ०.९५ मेगाहर्ट्झ. ठीकच आहे, डेटाशीटमधला १ मेगाहर्ट्झ हा सर्वसाधारण आकडा असतो, प्रत्येक चिपची हमी नव्हे. गेन दहाला फरक फार वाटत नाही, पण गेन एकाला हाच हिशोब इन्व्हर्टिंगमध्ये २ नी भागायला लावतो, म्हणजे लोक १ मेगाहर्ट्झ धरून बसतात आणि मिळतात ५००.

पडतानाची वेव्ह कशी दिसते ते लक्ष देऊन बघा: आकार अजूनही सुरेख साइन, फक्त बारीक होते आणि मागे सरकते. ८४ किलोहर्ट्झला ती नेहमीच्या उलट्या जागेपासून अजून ४५ अंश मागे असते, स्कोपवर सरळ दिसतं.

वेळ असेल तर इनपुटचा रेझिस्टर १ के करून गेन १०० चा लावा. बँडविड्थ दहा किलोहर्ट्झच्या आत येते. म्हणजे ऑडिओसाठी एकाच ७४१ मध्ये शंभरचा गेन घ्यायचा विचार असेल तर वरचा आवाज गेलाच म्हणून समजा, दहा-दहाच्या दोन पायऱ्या केलेल्या बऱ्या. इथे आउटपुटवर शे-दीडशे मिलिव्होल्टचा डीसी पण दिसेल, घाबरू नका, तोच मघाचा ऑफसेट शंभरपट झालेला, स्कोप एसी कपलिंगवर टाका.

तिसरा सात, आणि हा सगळ्यात जास्त फसवतो

परत १० के लावा. इनपुट १ व्होल्ट पीक-टू-पीक करा, म्हणजे आउटपुट १० च्या जरा वर, छतापासून अजून लांब आहे, सॅच्युरेशनचा प्रश्नच नाही. फ्रिक्वेन्सी ३५ किलोहर्ट्झ. वरच्या हिशोबाने ३५ ला गेन ९.४ यायला पाहिजे. येतो ७.१.

वेव्ह बघा. साइन राहिलेली नाही, त्रिकोण झालाय. दोन्ही उतार सरळ रेघेत.

हा स्ल्यू रेट. आउटपुट एका मायक्रोसेकंदात जास्तीत जास्त किती व्होल्ट हलू शकतं त्याची मर्यादा, ७४१ ला साधारण अर्धा व्होल्ट. आतल्या त्याच ३० पिकोफॅरडच्या कपॅसिटरला भरायला इनपुटच्या पायरीकडे ठरावीक करंटच आहे, सिग्नल कितीही ओरडला तरी त्यापेक्षा जास्त करंट निघत नाही. ३५ किलोहर्ट्झच्या अर्ध्या सायकलला १४.३ मायक्रोसेकंद, गुणिले ०.५, म्हणजे ७.१ व्होल्ट. बस, तेवढंच आउटपुट हलू शकतं, इनपुट १ व्होल्ट असो नाहीतर १.५.

किती आउटपुटला कुठपर्यंत साइन शाबूत राहील ते असं काढा, यात पीक व्होल्टेज घालायचं, पीक-टू-पीक नाही:

```
fmax = SR / (2*pi*Vpeak) = 500000 / (6.28*5.1) = 15.6 kHz
```

म्हणजे १० व्होल्ट पीक-टू-पीकच्या आउटपुटला ही चिप १५-१६ किलोहर्ट्झपर्यंतच चालते, जरी तिची बँडविड्थ ८४ असली तरी. आणि अर्ध्या व्होल्टच्या पीकला १५० किलोहर्ट्झच्या वर जाते. म्हणूनच वर म्हटलं की बँडविड्थ मोजताना इनपुट लहान ठेवा. मोठ्या सिग्नलनं बँडविड्थ मोजायला गेलात तर स्ल्यू रेट मोजला जातो आणि वहीत त्याला बँडविड्थ म्हणून लिहिलं जातं, जर्नलमध्ये असे ग्राफ मी भरपूर बघितलेत, आणि त्यांवर सही पण असते.

स्ल्यू रेट थेट मोजायचा तर जनरेटर स्क्वेअरवर टाका, आउटपुट दहाएक व्होल्ट ठेवा, आणि चढणाऱ्या कडेचा उतार स्कोपच्या कर्सरनं मोजा, मधल्या सरळ भागावर. अर्ध्याच्या आसपास आला तर ठीक. तीन, पाच किंवा दहा-बारा आला तर वर ७४१ छापलेलं असलं तरी आत दुसरंच काही आहे असं समजा.

मग ओळखायचं कसं, कुठला सात

समोर गेन ७ आलाय, कारण माहीत नाही. दोनच गोष्टी करा, एका वेळी एक.

आधी फ्रिक्वेन्सी तीच ठेवून इनपुट निम्मं करा. गेन तसाच ७ राहिला तर बँडविड्थ, कारण ती सिग्नलच्या आकाराकडे बघतच नाही. गेन वर आला तर सॅच्युरेशन किंवा स्ल्यू रेट. सॅच्युरेशनमध्ये निम्म्या इनपुटला तो पूर्ण १०.२ वर येतो, वरच्या उदाहरणात १५ व्होल्ट पीक-टू-पीक आउटपुट, आरामात मावतं. स्ल्यूच्या केसमध्ये ३५ किलोहर्ट्झला तो नऊच्या थोडा वर येतो, पूर्ण १०.२ होत नाही, कारण त्या फ्रिक्वेन्सीला बँडविड्थही थोडा चावा घेतेच.

मग इनपुट परत मोठं करून फ्रिक्वेन्सी १ किलोहर्ट्झला आणा. तरीही ७ राहिला तर सॅच्युरेशन, नाहीतर स्ल्यू. आणि दोन्ही करूनही, लहान सिग्नल, १ किलोहर्ट्झ, तरी ७ च येत असेल, तरच रेझिस्टरकडे वळा. तेव्हा बहुधा १०० के च्या जागी ६८ के लागलेला निघतो, निळा-करडा-नारिंगी आणि तपकिरी-काळा-पिवळा एवढे काही सारखे दिसत नाहीत, पण ट्यूबलाइटच्या उजेडात डब्यातून उचलताना होतं असं.

आकार बघूनही कळतं, टोकं सपाट म्हणजे सॅच्युरेशन, त्रिकोण म्हणजे स्ल्यू, सुबक साइन पण बारीक म्हणजे बँडविड्थ. फक्त काठावर असताना डोळा फसतो, जेमतेम स्ल्यू होणारी वेव्ह साइनसारखीच दिसते, म्हणून इनपुट निम्मं करायची टेस्ट जास्त भरवशाची.

वहीत नुसता गेनचा कॉलम नको. प्रत्येक रीडिंगला सप्लाय, फ्रिक्वेन्सी, इनपुट पीक-टू-पीक, आउटपुटचं वरचं टोक आणि खालचं टोक वेगवेगळं, आणि एक शब्द आकाराचा. वरचं-खालचं वेगळं लिहिलं की क्लिप एका बाजूलाच झालेली असली तरी सापडते.

अर्डुइनोवाल्यांसाठी एवढंच, ३५८ हा ऑप-ॲम्प वापरून ५ व्होल्टच्या एकाच सप्लायवर काम करत असाल तर वरचं छत साडेतीन व्होल्टच्या जवळ आहे, पाचला नाही, म्हणून सेन्सरचं रीडिंग ७००-७२० च्या पुढे जातच नाही अशी तक्रार असते तेव्हा कोड बघायच्या आधी आउटपुटचा पाय मोजा. आणि वेग कमी पडतोय असं वरच्या टेस्टनी खरंच सिद्ध झालं तर टीएल०७१ त्याच जागी बसते, पाय तेच, गेन-बँडविड्थ ३ मेगाहर्ट्झ आणि स्ल्यू रेट १३ च्या आसपास, त्यामुळे स्ल्यूचा सात तर नाहीसाच होतो. सॅच्युरेशनचा सात मात्र तिथेही जवळपास तसाच राहील, त्याला सप्लाय वाढवणं नाहीतर गेन कमी करणं, हे दोनच उपाय.

पोरीचं काय झालं, तर तिचं इनपुट ३ व्होल्टचं होतं आणि फ्रिक्वेन्सी १ किलोहर्ट्झ. फोनवरच इनपुट निम्मं करायला लावलं. "अरे, दहा आला!" म्हणाली, आणि लगेच पुढचा प्रश्न, "मग आता हे तीन रेझिस्टर मी उगाच काढले का?" ते मोजून ठेव म्हटलं, उद्याच्या प्रॅक्टिकलला लागतील.